उशिरा आलेला नमस्कार

नोव्हेंबरचा पहिला रविवार, रात्रीचे साडेनऊ वाजत आलेत. पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा व्हिडिओवर चालू आहे, असं समजू. खजिनदार गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं वाचून दाखवतायत. "पहिलं कोटेशन चार लाख अठ्ठ्याऐंशी हजार, जीएसटी वेगळा. दुसरं पाच लाख..." एवढ्यात पडद्यावर एक नवा चौकोन उघडतो. खाली नाव दिसतं, iPhone. आणि आवाज येतो, "नमस्कार! नमस्कार मंडळी! माझा आवाज येतोय का?"

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे मालक, सध्या मुक्काम न्यू जर्सी. अध्यक्षांचा चेहरा खुलतो. "या, या! अहो, किती दिवसांनी! थंडी पडली का तिकडे?" दोघं-तिघं माइक सुरू करून नमस्कार घालतात. चौघं नुसतेच हात हलवतात. काका उशिराबद्दल माफी मागतात, घड्याळाचा काहीतरी घोळ झाल्याचं सांगतात, तो घोळ नेमका काय यावर आणखी दोन वाक्यं होतात. दीडेक मिनिटानं खजिनदार पुन्हा तोंड उघडतात. "तर... दुसरं पाच लाख बारा हजार." लगेच कुणीतरी विचारतं, "पहिलं किती म्हणालात?"

या प्रसंगात कुणीही उद्धट वागलेलं नाही. काकांनी नमस्कार केला, अध्यक्षांनी स्वागत केलं, शेजाऱ्यांनी ओळख दाखवली. समोरासमोरच्या सभेत यातलं प्रत्येक वागणं शोभलं असतं. तरीही बोलणाऱ्याचा धागा तुटला आणि आकडा पुन्हा वाचावा लागला. चांगल्या रीतीनं केलेल्या नमस्काराचं पडद्यावर असं का होतं, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण उपाय त्यातूनच निघतो.

आधी काकांच्या उशिराचं कारण, कारण ते खरोखरच घड्याळाचं आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येतं. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा तास. पुण्यातली रात्री साडेआठची सभा काकांच्या डोक्यात 'सकाळी अकरा' अशी पक्की बसलेली. त्या रविवारी ती त्यांच्या दहाला सुरू झाली. फोनवरचं घड्याळ आपोआप बदललं होतं, डोक्यातलं बदललं नव्हतं. परदेशात माणसं असलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबात, भिशीत आणि मंडळात हा गोंधळ वर्षातून एकदा तरी होतो. अशा वेळी उशीर पाच-दहा मिनिटांचा नसतो, थेट तासाचा असतो. येणारा दचकून, घाईत, ओशाळलेला येतो, आणि ओशाळलेला माणूस जास्त बोलतो.

आता दुसरं चित्र. हीच सभा तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून भरली आहे आणि काका उशिरा आले आहेत. ते लांबूनच दिसतात. चपला काढताना एक-दोन माना वळतात. काका बोलत नाहीत. अध्यक्षांची नजर मिळाली की हात जोडतात, अध्यक्ष मान हलवतात, काका सतरंजीच्या कडेला टेकतात. शेजारचा गृहस्थ थोडा सरकतो आणि कानाशी पुटपुटतो, "कोटेशनं चाललीयेत." खजिनदारांचं वाचन चालूच असतं. स्वागत, माफी, चालू विषयाची माहिती, सगळं उरकलं आणि मोठ्यानं एक शब्द निघाला नाही.

माणसं एकमेकांना कशी भेटतात याचा चित्रफितींवरून बारकाईनं अभ्यास ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर यांनी केला. 1973 साली तो प्रसिद्ध झाला. बागेतल्या एका वाढदिवसाच्या मेजवानीत आलेले पाहुणे हे त्यांच्या निरीक्षणाचं मुख्य साहित्य होतं. त्यांना दिसलं की भेटणं टप्प्याटप्प्यानं होतं. आधी नजर, मग लांबूनचा नमस्कार, म्हणजे मान हलवणं, हात वर करणं किंवा भुवया उंचावणं. मग चालत जवळ येणं, आणि शेवटी जवळचा नमस्कार, बोलून किंवा हात मिळवून. समोर बोलणं चालू असेल तर शहाणा माणूस लांबूनच्या नमस्कारावर थांबतो आणि जवळचा नमस्कार चहाच्या वेळेसाठी राखून ठेवतो.

व्हिडिओ सभेत नेमका हा लांबूनचा टप्पाच गायब आहे. चालत येण्याजोगं अंतर नाही, दार नाही, सतरंजीची कड नाही. बटण दाबलं की माणूस थेट सर्वांच्या तोंडासमोर. नजरेचंही तसंच. कॅमेऱ्यात पाहिलं तर सगळ्यांकडे पाहिल्यासारखं दिसतं आणि कुणा एकाकडे पाहण्याची सोय उरत नाही. अध्यक्षांनी मान हलवली तरी ती आपल्यासाठी हलली की खजिनदारांच्या आकड्याला, हे काकांना कळत नाही. मग 'आपण आल्याची दखल घेतली गेली का' हा प्रश्न त्यांना तोंडानं सोडवावा लागतो.

आणि तोंडी नमस्काराला एक अट चिकटलेली असते. संभाषणाचा अभ्यास करणारे इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी 1973 मध्येच दाखवलं की काही बोलणी जोडीनं येतात. प्रश्नाला उत्तर, आमंत्रणाला होकार किंवा नकार, नमस्काराला नमस्कार. पहिलं अर्धं बोललं गेलं की दुसरं अर्धं कुणीतरी द्यावंच लागतं. दिलं नाही तर ती गप्प बसण्याची कृती दिसते आणि खुपते. आपल्याकडे हे सांगायला अभ्यासकांची गरज नाही. 'नमस्कार केला तर साधा ओ दिला नाही' ही तक्रार लग्नाच्या पंगतीपासून गावच्या पारापर्यंत ऐकू येते. म्हणजे मोठ्यानं केलेला नमस्कार ही एक मागणी असते. चौदा जणांच्या सभेत ती चौदा जणांकडे एकाच वेळी जाते आणि उत्तर कुणी द्यायचं हे ठरलेलं नसतं. म्हणून कधी कुणीच देत नाही, कधी पाच जण एकदम देतात. काकांनी त्यावर 'माझा आवाज येतोय का' ही दुसरी मागणीही जोडली. तिला उत्तर देणं तर भागच, नाहीतर ते पुन्हा विचारणार.

हा लेख ज्या एका गोष्टीसाठी लिहिला, ती हीच. उशिरा येणाऱ्यानं नमस्कार जरूर करावा, पण ज्याला उत्तर द्यावं लागणार नाही असा करावा.

'हळूच म्हटलं तर काय बिघडतं?' असं कुणी विचारेल. सभागृहात हळू बोलण्याला अर्थ असतो. दोन कान आवाजाची दिशा ओळखतात. कडेची कुजबुज कडेला राहते आणि समोरचा वक्ता समोरून ऐकू येतो. गजबजाटात एकाच माणसाचं बोलणं वेगळं काढण्याच्या या कसबावर कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये प्रयोग केले होते. दोन आवाज एकत्र मिसळून दिले की ऐकणाऱ्याला फार कष्ट पडतात आणि एका कानाला एक, दुसऱ्याला दुसरा दिला की काम सोपं होतं, असं त्यांना आढळलं. साध्या व्हिडिओ सभेत चौदाही माणसं फोनच्या एकाच छोट्या भोकातून बोलतात. उजवं-डावं, जवळ-लांब असं काही उरत नाही.

त्यात यंत्र आणखी दोन गोष्टी करतं. माइकच्या मागे आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय असते. लांब बसलेला माणूस नीट ऐकू यावा म्हणून ती बारीक आवाज उचलून वर आणते. ती कुजबुजीलाही उचलते. त्यामुळे पुटपुटलेला 'नमस्कार' पलीकडे पुरेसा ठसठशीत पोहोचतो.

दुसरी सोय प्रतिध्वनी मारण्याची, आणि खजिनदारांचा आकडा गिळला गेला तो बहुधा हिच्यामुळे. खजिनदार हेडफोनशिवाय, लॅपटॉपच्या स्पीकरवर सभा ऐकतायत. काकांचा आवाज त्या स्पीकरमधून बाहेर पडतो आणि खजिनदारांच्याच माइकमध्ये शिरतो. तो तसाच परत गेला तर काकांना स्वतःचं बोलणं घुमून ऐकू येईल. म्हणून यंत्रणा खजिनदारांच्या माइकमधून काकांचा आवाज वजा करू पाहते. फक्त एकच जण बोलत असेल तेव्हा हे काम छान होतं. दोघं एकदम बोलू लागले की काय ठेवायचं आणि काय काढायचं हे वेगळं करणं अवघड जातं, आणि यंत्रणा पुष्कळदा खजिनदारांचाही आवाज दाबते. ऐकणाऱ्यांना 'दुसरं पाच ला...' एवढंच मिळतं. खजिनदारांना मात्र आपला आकडा कापला गेल्याचं कळत नाही. ते स्वतःला पूर्ण ऐकतात आणि पुढे जातात. 'पहिलं किती म्हणालात?' असं पुन्हा विचारणं, किंवा एखाद्या वाक्याचं शेपूट गायब होणं, ही दोन आवाज एकमेकांवर आल्याची हमखास खूण.

राहता राहिला तिसरा मार्ग, दोन वाक्यांमधल्या फटीत नमस्कार सरकवण्याचा. बैठकीत पुष्कळांना ही कला साधते. मग पडद्यावर तेच लोक सारखे दुसऱ्यांच्या बोलण्यावर का आदळतात? कारण ही फट फार अरुंद असते. तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दहा भाषांची तुलना केली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास वेळ जातो, असं त्यात दिसलं. त्या दहांत भारतातली भाषा नव्हती, पण डॅनिश आणि जपानीसारख्या लांबच्या भाषाही या सरासरीपासून फार दूर गेल्या नाहीत. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि सहकाऱ्यांनी हीच फट झूमवर मोजली. समोरासमोर ती सरासरी 135 मिलिसेकंद होती, झूमवर 487. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. अर्धा सेकंद फारसा वाटत नाही, पण बोलण्याची पाळी कधी येते हा अंदाज चुकवायला तो भरपूर होतो.

न्यू जर्सीहून तर हा अंदाज बांधणंच कठीण. पुण्यापासून तिथपर्यंत सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे केबल अगदी सरळ असती तरी एका बाजूनं साठेक मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळसे घेत जाते आणि दोन्ही टोकांना आवाज थोडा साठवून मगच ऐकवला जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, म्हणजे संभाषणाला सहसा अडथळा होत नाही, असं म्हटलं आहे. काकांचा विलंब नेमका तेवढा धरू. खजिनदारांनी श्वास घेतला हे काकांना कळतं तेव्हा तो श्वास 150 मिलिसेकंद शिळा झालेला असतो. काकांनी त्याच क्षणी 'नमस्कार' म्हटलं तरी ते पुण्याला आणखी 150 मिलिसेकंदांनी पोहोचणार. तोवर खजिनदारांचं पुढचं वाक्य सुरू झालेलं. काकांना वाटतं आपण फटीत बोललो. पुणेकरांना वाटतं यांनी मध्येच तोंड घातलं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं.

तेव्हा चालू बोलण्यात आवाजानं शिरण्याचे तिन्ही रस्ते बंद. मग काकांनी काय करायला हवं होतं? तीच रात्र पुन्हा पाहू.

साडेनऊला दोन मिनिटं आहेत. काकांना उशीर झाल्याचं लक्षात आलंय. लिंक दाबल्यावर लगेच आत न जाता ते प्रवेशाच्या आधीच्या पडद्यावर थांबतात. झूम, मीट, टीम्स या तिन्हींत असा पडदा येऊ शकतो आणि तिथे माइक आधीच बंद करता येतो. हे दार ओलांडण्याआधी करायचं, कारण आत गेल्यावर माइक शोधेपर्यंत मागचा कुकर आणि रस्त्यावरची गाडी सर्वांनी ऐकलेली असते. 'आवाज येतोय का' ही शंकाही इथेच मिटवावी. झूमला zoom.us/test या पत्त्यावर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकता येतो, तोही सभेच्या बाहेर. एक पथ्य मात्र पाळायचं. घरातलं दुसरं कुणी त्याच खोलीत त्याच सभेत आधीच बसलं असेल, तर आपल्या फोनचा स्पीकर आणि माइक दोन्ही बंद ठेवायचे. नाहीतर दोन यंत्रं एकमेकांना ऐकून जी कर्कश शिट्टी मारतात, तिच्यापुढे काकांचा नमस्कार बरा.

मग नाव. हे पुष्कळांना किरकोळ वाटतं, पण उशिरा येणाऱ्याचं नाव हाच त्याचा पहिला नमस्कार असतो. 'iPhone', 'Galaxy', नातवाचं टोपणनाव किंवा नुसतं 'Admin' अशी नावं घेऊन माणसं आत येतात. मग सचिवांना विचारावंच लागतं, "हे आयफोन कोण?" म्हणजे व्यत्यय आलाच, फक्त तो दुसऱ्याच्या तोंडून आला. झूममध्ये आत जाताना नाव लिहिता येतं आणि आत गेल्यावर स्वतःच्या नावावर Rename करता येतं. मीटमध्ये गुगल खात्याचं नाव दिसतं, म्हणून मुलाच्या लॅपटॉपवरून बसणाऱ्यानं आधी खातं बदलावं. काकांनी लिहावं पूर्ण नाव आणि पुढे फ्लॅट क्रमांक. सचिवांना हजेरीसाठी आणि गणपूर्तीसाठी हवं असतं ते एवढंच.

आत आल्यावर पहिलं मिनिटभर नुसतं ऐकायचं. कॅमेरा सुरू असेल तर हात जोडून एकदा मान लववायची आणि कुणी पाहिलं का याची वाट पाहायची नाही. हा झाला सतरंजीच्या कडेचा नमस्कार. पाहिला त्यानं पाहिला. उत्तर कुणालाच द्यावं लागलं नाही.

त्यानंतर चॅटमध्ये एक ओळ. ती सर्वांना न पाठवता होस्टला किंवा सचिवांना पाठवावी. झूममध्ये चॅटच्या खिडकीत ती कुणाला जाणार हे निवडता येतं, आणि पाठवण्याआधी तिथे Everyone आहे की एखाद्याचं नाव, हे पाहायची सवय लावावी. ओळ अशी असू शकते:

"नमस्कार, फ्लॅट 302. आत्ता आलो, 60 मिनिटं उशीर झाला. हजेरी लावावी. सवडीनं पाहिलंत तरी चालेल."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण ते उत्तराची अट काढून टाकतं. उशिराचं कारण या ओळीत नाही आणि नसावं. अमेरिकेतल्या घड्याळाची गोष्ट सभा संपल्यावर रंगते, कोटेशनांच्या मध्ये नाही. सर्वांना उद्देशून लिहिलेला नमस्कार काही मोठा गुन्हा नाही. पण त्याला उत्तर म्हणून अकरा जण अकरा नमस्कार टाकतात आणि खजिनदारांच्या पडद्याच्या कडेला एकामागून एक चिठ्ठ्या उघडू लागतात. वाचता वाचता डोळा तिकडे जातोच.

चॅटबद्दल आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. झूम आणि मीटच्या साध्या सभेत उशिरा आलेल्याला आपण येण्याआधीचं चॅट सहसा दिसत नाही. तिन्ही कोटेशनांची पीडीएफ सचिवांनी पावणेनऊला टाकलेली असली, तरी काकांच्या चॅटची पाटी कोरी. त्यांना वाटतं कुणी काही पाठवलंच नाही, आणि ते मोठ्यानं विचारतात, "कागदपत्रं कुठेयत?" खरं तर इथेही शेजारच्या गृहस्थाची कुजबुज हवी. ओळखीच्या एकालाच लिहायचं, "कोणता मुद्दा चालू आहे? आधीची फाइल मला पाठवाल का?" टीम्समध्ये आधीपासून निमंत्रण असलेल्यांना जुनं चॅट बहुतेक वेळा दिसतं, तिथे हा त्रास कमी.

आता एक सापळा. पडद्यावर हाताची चित्रं असतात, आणि 'हात दाखवून नमस्कार करावा' म्हणून बरेच जण Raise Hand दाबतात. हे बटण नमस्काराचं नाही, 'मला बोलायचंय' असं सांगण्याचं आहे. ते दाबलं की झूममध्ये तो चौकोन वरच्या बाजूला सरकतो आणि आपण खाली करेपर्यंत हात वरच राहतो. अध्यक्ष ते पाहतात, खजिनदारांना थांबवतात आणि म्हणतात, "हं, बोला काका." काका गोंधळून माइक सुरू करतात. "काही नाही, नमस्कार म्हणत होतो." न बोलण्याच्या सद्हेतूनं केलेल्या कृतीनं सर्वांत मोठा व्यत्यय आणला. नमस्काराला हवा असेल तर हलणाऱ्या हाताचा किंवा टाळीचा इमोजी वापरावा, तो थोड्या वेळानं आपोआप विरतो. फोन लावून, नुसत्या आवाजानं झूम सभेत आलेल्यांना चित्रं मिळत नाहीत. त्यांच्यासाठी *6 नं माइक बंद-चालू होतो आणि *9 नं हात वर जातो. नमस्काराची सोय त्यांना नाही, त्यांनी सरळ गप्प बसावं.

तोंडी नमस्काराची वेळ येते ती विषय बदलताना. खजिनदारांचं वाचन संपतं, अध्यक्ष म्हणतात, "कुणाला काही विचारायचंय?" इथे फट अर्ध्या सेकंदाची नसते, चांगली मोठी असते आणि ती मुद्दाम उघडलेली असते. काकांना प्रश्न असेल तर त्यांनी आता हात वर करावा, नाव पुकारल्यावर माइक सुरू करावा आणि नमस्कार प्रश्नालाच जोडून टाकावा. "फ्लॅट 302, नमस्कार. दुसऱ्या कोटेशनमध्ये हमी किती वर्षांची आहे?" नमस्काराच्या पाठोपाठ प्रश्न आला की लोक प्रश्नाला उत्तर देतात. नमस्कार पोहोचतो आणि त्याची परतफेड आपोआप माफ होते. संगणकावरून झूम वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरताच माइक उघडतो, सोडला की बंद. एका वाक्यासाठी हे उत्तम. फक्त दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावं, नाहीतर 'नमस्कार'मधला 'न' अलीकडेच राहतो. प्रश्नच नसेल, तर तोंडी नमस्काराची गरज उरत नाही.

इथपर्यंत सगळी शिकवणी काकांनाच झाली. पण दीड मिनिटाच्या त्या खंडात काकांचं बोलणं किती होतं? पहिला नमस्कार चार सेकंदांचा. बाकीचं सगळं अध्यक्षांच्या 'या, या!' नं सुरू झालं. अशा सभांत व्यत्यय बहुतेक वेळा येणारा आणत नाही, स्वागत करणारा आणतो. आपल्या घरांत दारात आलेल्याला 'या, बसा' न म्हणणं हा अपमान समजला जातो, त्यामुळे यजमानाची जीभ आपोआप वळते. पडद्यावर ती आवरायला हवी. अध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर मान हलवावी आणि आलेल्याची नोंद सचिवांवर सोडावी. काका बोलून गेलेच तर 'नमस्कार, खजिनदार बोलतायत, नंतर भेटू' एवढं एकच वाक्य म्हणून खजिनदारांना शेवटच्या आकड्यापासून पुन्हा सुरू करायला सांगावं. शेवटच्या आकड्यापासून, कारण तो कापला गेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

सचिवांच्या हातात तर यंत्रच आहे. झूममध्ये Mute Participants upon Entry ही खूण केली की येणारा प्रत्येक जण आवाज बंद असलेल्या अवस्थेतच आत येतो. कुणी आलं-गेलं की वाजणारी टिंगही बंद करता येते. सभा फुकटच्या खात्यावर असेल तर आणखी एक हिशेब मनात ठेवावा. झूमच्या मोफत सभेची मर्यादा 40 मिनिटं. ती संपली की सगळेच बाहेर फेकले जातात आणि परत येताना सगळेच उशिरा आलेले ठरतात. मग चौदा जणांचे चौदा नमस्कार नव्यानं सुरू. सभा दोनदा तुटली तर चाळिसातली पाच-पाच मिनिटं दोनदा गेली म्हणून समजा. 'परत आल्यावर नमस्कार नको, थेट मुद्दा तीन' असं तुटण्याआधीच सांगून ठेवलेलं बरं.

हे सगळं दहा-वीस जणांच्या, कार्यक्रमपत्रिका असलेल्या सभेचं झालं. तिघा-चौघांच्या बोलण्यात उशिरा येऊन गुपचूप बसणं उलट विचित्र दिसतं. तिथे नवा चौकोन सर्वांना दिसलेलाच असतो आणि न बोलणारा माणूस कान देऊन बसल्यासारखा वाटतो. वाक्य पूर्ण होऊ द्यावं आणि 'नमस्कार, आलो, चालू द्या' म्हणावं. यातलं 'चालू द्या' हे उत्तर नको असल्याचं अगदी मराठमोळं सांगणं आहे. न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत मात्र स्वतःहून नमस्कारच नको, पुकारा होईपर्यंत माइक बंदच. शोकसभेत हात जोडणं पुरे. तिथे चॅटमध्ये 'सर्वांना नमस्कार, कसे आहात' असं लिहिणारे भेटतात, सवयीनं लिहिलेलं असतं आणि तरी टोचतं. आणि ज्याची सभा वाट पाहत आहे, तो पाहुणा वक्ताच उशिरा आला असेल, तर नियम उलटा होतो. त्यानं गुपचूप बसू नये. होस्टला ताबडतोब कळवावं, म्हणजे वेळ काढण्यासाठी बोलत असलेल्या सूत्रसंचालकाची सुटका होईल.

काकांच्या सोसायटीच्या सचिवांना एक विनंती. पुढच्या सभेच्या नोटिशीत पुण्याच्या वेळेखाली न्यू जर्सीची वेळही छापा, आणि ती त्या तारखेची आहे ना हे तपासून घ्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ पुन्हा एक तास पुढे जाणार आहे. तेव्हा दहाची वेळ लक्षात ठेवून बसलेले काका सभा सुरू होण्याआधी एक तास हजर होतील.